होल्डवरचं बिल महिनोन्‌महिने का अडकतं? या चुका टाळा

महापेच्या एका कारखान्याला रबाळ्याचा सप्लायर लोखंडी ब्रॅकेट पुरवतो, असं धरू. खरेदीची ऑर्डर म्हणजे पीओ 2,000 नगांची, दर ₹42. माल 3 जूनला गेटवर आला. क्वालिटीने 60 नग नापास केले, म्हणून माल मिळाल्याच्या नोंदीवर, म्हणजे जीआरएनवर, स्वीकारलेले नग 1,940. बिल मात्र पूर्ण 2,000 नगांचं आणि दर ₹43.50. म्हणजे ₹87,000, वर 18 टक्के जीएसटी ₹15,660, एकूण ₹1,02,660.

बिलात दोन चुका आहेत, दराची आणि नगांची. अकाउंट्समध्ये सर्वात जास्त पैसे बुडतात ते अशाच बिलांवर, कारण सिस्टीममध्ये पेमेंट रोखणारा होल्ड दिसतो एकच.

दोन कारणांना एकच कोड लावणे

एसएपीमध्ये MIRO ला बिल बुक करताना दर किंवा नग टॉलरन्सच्या बाहेर गेले, तर पेमेंट ब्लॉक R लागतो. FBL1N मध्ये सप्लायरचं खातं बघणाऱ्याला फक्त तो R दिसतो. त्यामागे दर आहे, नग आहेत की दोन्ही, हे अडकलेल्या बिलांच्या यादीत, म्हणजे MRBR मध्ये, कारणांच्या रकान्यांत कळतं. घाईत लोक R बघतात, परचेसला मेल टाकतात, "दर जुळत नाही", आणि पुढच्या बिलाकडे वळतात.

मग काय होतं? परचेसवाला सप्लायरशी बोलतो, सप्लायर दरातला फरक मान्य करतो आणि ₹1.50 च्या हिशोबाने 2,000 नगांची क्रेडिट नोट पाठवतो. ₹3,000 आणि जीएसटी ₹540, एकूण ₹3,540. क्वेरी मिटली असं समजून कुणीतरी हाताने ब्लॉक काढतं. नापास 60 नगांचे ₹2,520 आणि जीएसटी ₹453.60 असे ₹2,973.60 पेमेंटसोबत निघून जातात. ते परत मागायची वेळ येते तेव्हा स्टोअरमध्ये नापास माल उचलून नेलेला असतो आणि कागद शोधावे लागतात.

म्हणून बिल एक असलं तरी क्वेरी दोन उघडा. ज्यांच्याकडे एसएपी नाही, टॅली आणि एक्सेलवर काम चालतं, त्यांनी स्वतःचे चार-पाच कोड ठरवावेत आणि प्रत्येक कोडसमोर वादातली रक्कम लिहावी:

```
PR  दर जुळत नाही        3,540.00
QY  नग / नापास माल      2,973.60
एकूण वादात              6,513.60
देय                    96,146.40
```

देय रकमेची उलटी पडताळणी सोपी आहे: 1,940 × 42 = 81,480, त्यावर 18 टक्के 14,666.40, बेरीज 96,146.40. दोन्ही बाजूंनी हिशोब जुळला तरच कोड बरोबर लागले आहेत. "इतर" किंवा "चौकशी चालू" असा कोड ठेवूच नका. जे बिल समजत नाही ते सगळं त्याच कप्प्यात जाऊन पडतं आणि तिथून कुणी काढत नाही.

क्वेरी "परचेस"कडे पाठवणे

विभागाला पाठवलेल्या मेलचं उत्तर कुणीच देत नाही. क्वेरीवर एका माणसाचं नाव लागतं. PR चा निर्णय पीओ काढणाऱ्या बायरचा: ₹43.50 हा दर खरंच ठरला असेल तर पीओत बदल करून घ्यायचा, नसेल तर सप्लायरकडून क्रेडिट नोट मागायची. QY चा निर्णय क्वालिटीच्या रिपोर्टवर होतो, बायरच्या सांगण्यावर नाही. अकाउंट्सने यातलं काहीच ठरवू नये. अकाउंट्सचं काम क्वेरी कुणाकडे आहे आणि कधीपासून आहे हे सांभाळणं.

रजिस्टरमध्ये बिल नंबर, कोड, वादातली रक्कम, कुणाकडे, सप्लायरला कळवल्याची तारीख आणि पुढची फॉलोअपची तारीख एवढे रकाने पुरे. पुढची तारीख रिकामी असलेली क्वेरी म्हणजे विसरलेली क्वेरी.

सप्लायरला लेखी न कळवणे

ही चूक सर्वात महाग पडते. होल्ड आपल्या सिस्टीममध्ये असतो, सप्लायरला तो दिसत नाही. कायद्यालाही तो दिसत नाही. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम 15 नुसार माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पलीकडे पेमेंटची मुदत नेता येत नाही. लेखी करारच नसेल तर मुदत आणखी कमी. मालाबद्दल आक्षेप असेल तर तो डिलिव्हरीपासून 15 दिवसांत लेखी द्यावा लागतो. तो दिला नाही, तर माल आला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं.

आपल्या उदाहरणात नापास नगांचा मेल 18 जूनच्या आत जायला हवा. तो गेला नाही तर 45 दिवस 18 जुलैला भरतात, मग सिस्टीममध्ये R असो वा नसो. आणि दराचा वाद हा मालाबद्दलचा आक्षेप नव्हे, त्यामुळे दराच्या मेलने मुदत थांबली असं गृहीत धरू नका.

मेल तीन ओळींचा असावा, पण त्यात आकडे हवेत: "बिल क्र. 1187, पीओनुसार दर ₹42, बिलात ₹43.50. 60 नग नापास, रिपोर्ट सोबत जोडला आहे. एकूण ₹6,513.60 ची क्रेडिट नोट पाठवावी." "बिलात फरक आहे, कृपया तपासा" अशा मेलवर सप्लायरचा अकाउंटंट फक्त फोन करतो, आणि फोनवर झालेलं बोलणं रजिस्टरमध्ये राहत नाही.

सुधारित बिल मागवणे

"नवीन बिल पाठवा" असं सांगणं सोपं वाटतं. सप्लायर मग 1187-R नंबरचं बिल पाठवतो. डुप्लिकेट तपासणी नंबर जुळतो का ते बघते. 1187 आणि 1187-R तिला वेगळी बिलं वाटतात. पहिल्याचा होल्ड महिन्याभराने कुणी काढला की पेमेंट दोनदा. शिवाय पहिलं बिल सप्लायरने जीएसटी रिटर्नमध्ये दाखवलेलं असतं. रक्कम कमी करायची तर जीएसटी कायद्याच्या कलम 34 नुसार सप्लायरनेच क्रेडिट नोट काढायची असते, मूळ बिलाचा नंबर टाकून.

क्वेरी आणि होल्ड एकाच वेळी बंद करणे

क्रेडिट नोट येईपर्यंत सगळे ₹1,02,660 अडवून ठेवणं सप्लायरवर अन्याय आहे. वाद ₹6,513.60 चा, अडकले ₹96,146.40. क्रेडिट नोट लांबली तर आपल्या बाजूने ₹6,513.60 ची डेबिट नोट बुक करा, होल्ड काढा, उरलेली रक्कम पुढच्या पेमेंट रनमध्ये जाऊ द्या. क्वेरी मात्र उघडीच ठेवा, स्टेटस "क्रेडिट नोट येणे". इनपुट क्रेडिटही स्वीकारलेल्या रकमेवरच, म्हणजे ₹14,666.40.

क्वेरी बंद करायला तीनपैकी एक कागद लागतो: बुक झालेली क्रेडिट नोट, बदललेला पीओ किंवा दुरुस्त जीआरएन. बायरचा "ठीक आहे, सोडा" हा मेल यात बसत नाही. पीओ किंवा जीआरएन दुरुस्त झाला असेल तर MRBR मध्ये ऑटोमॅटिक रिलीज चालवून बघा. जी कारणं उरलेली नाहीत तेवढीच ते काढतं. त्यानंतरही ब्लॉक राहिला, तर दुसरी क्वेरी अजून जिवंत आहे.

दर सोमवारी उघड्या क्वेऱ्या बिलाच्या तारखेने लावा, होल्डच्या तारखेने नाही. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पेमेंट झालं नाही तर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पेमेंट झाल्यावर ते पुन्हा घेता येतं, पण भरलेलं व्याज गेलेलं असतं.