फाऊंड्रीच्या रिपोर्टात ऊस कुठून आला?

एमबीएच्या इंटर्नशिपसाठी मी बेळगावच्या उद्यमबागेत एका लहान फाऊंड्रीत सहा आठवडे होतो. रिपोर्टाचा कच्चा मसुदा चाळता चाळता गाईड सर स्वॉटच्या पानावर थांबले. "फाऊंड्रीत ऊस कधीपासून गाळायला लागले रे?" 'वीकनेस'खाली ओळ होती: कच्चा माल फक्त हंगामात मिळतो. ज्या सीनियरची फाईल मी उघडून बसलो होतो, त्याचा रिपोर्ट साखर कारखान्याचा होता. कंपनीचं नाव सगळीकडे बदललं, ही ओळ तेवढी राहिली. बाकीच्या ओळी पकडल्या गेल्या नाहीत, कारण त्या कुठल्याही कारखान्याला चालल्या असत्या.

असं होतं त्यात आळस असतोच, पण तेवढंच नाही. इंडस्ट्री प्रोफाईल, कंपनी प्रोफाईल, सेव्हन-एस, पोर्टरचे पाच फोर्सेस, स्वॉट अशी प्रकरणं आधीच ठरलेली असतात. कंपनी ताळेबंद दाखवायला नाखूश, हातात येतं ते माहितीपत्रक. त्यात आपल्याकडची अडचण वेगळीच: कामगार मराठीत बोलतात, रजिस्टर निम्मं कानडीत, रिपोर्ट लिहायचा इंग्रजीत. मग तयार इंग्रजी वाक्यं उचलणं सोपं वाटतं. सर्टिफिकेट आणि डिक्लेरेशन सगळ्यांचं सारखंच असणार, ते बदलायच्या भानगडीत पडू नका. प्रोफाईलमधले शब्द फिरवून साम्याची टक्केवारी खाली येते, पण त्यात तुमचं असं काहीच येत नाही.

सरांनी मला परत पाठवलं ते रिजेक्शन रजिस्टर बघायला. माझ्या मसुद्यात एकच वाक्य होतं, 'रिजेक्शन जास्त आहे'. जुलैच्या 26 दिवसांत 5,200 कास्टिंग ओतली गेली, 364 बाद झाली, म्हणजे 7 टक्के. एवढ्यावरून काहीच समजत नाही. मी कारणाचा रकाना वेगळा काढला, तर बरोबर निम्मी, 182, ब्लो होलमुळे, म्हणजे कास्टिंगमध्ये राहिलेल्या पोकळ भोकांमुळे बाद. मग तीच 182 तारखेप्रमाणे मांडली. साप्ताहिक सुट्टीनंतरचे चार दिवस धरले तर 800 कास्टिंगमध्ये 78 ब्लो होल, जवळजवळ 10 टक्के. उरलेल्या 22 दिवसांत 4,400 मध्ये 104, म्हणजे अडीच टक्क्यांच्याही आत.

इथं थांबून 'सुट्टीमुळे कामगार ढिले पडतात' असं लिहायचा मोह होतो. केस स्टडीच्या उत्तरात आपण हेच करतो, आणि शिफारस म्हणून 'प्रशिक्षण द्यावे' लिहून मोकळे होतो. ब्लो होल वायूमुळे पडतं आणि वायू बहुतेकदा ओलाव्यातून येतो. ओलावा दोन ठिकाणी शक्य होता: साच्याच्या वाळूत, किंवा सुट्टीत गार पडलेल्या, नीट न तापवलेल्या लॅडलच्या, म्हणजे वितळलेला धातू ओतायच्या भांड्याच्या अस्तरात. लॅडल ओला असता तर दिवसाच्या पहिल्या हीटचा, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या पहिल्या धातूचा माल जास्त बाद व्हायला हवा होता, पुढं कमी. रजिस्टरमध्ये हीट नंबर होता. बाद माल सगळ्या हीटमध्ये विखुरलेला निघाला. लॅडलवरचा संशय कमी झाला.

वाळूच्या मिक्सरवर काम करणाऱ्या मामांना विचारलं. त्यांनी मूठभर वाळू दाबून दाखवली. "सुट्टीनंतरची वाळू अशीच बघ, हाताला चिकटते. पाणी मात्र रोजच्याएवढंच घालतो." पावसात शेडमध्ये पडून वाळू आधीच दमट झालेली, वर नेहमीच्याच बादल्या. ओलावा मोजायचं यंत्र होतं, पण पहिलं रीडिंग 11 वाजता, कारण सकाळी क्वालिटीवाला डिस्पॅचच्या मालात अडकलेला. तोवर बरेच साचे तयार. माझ्या विनंतीवरून सुट्टीनंतरच्या दोन दिवशी सकाळी 8 ला रीडिंग घेतलं: 5.2 आणि 4.9 टक्के. एरवी साडेतीनच्या आसपास.

दोनच रीडिंग, एकच पावसाळी महिना. हे मी तसंच लिहिलं, 'सिद्ध झालं' असं म्हटलं नाही. पण सेव्हन-एसचं प्रकरण मात्र पूर्ण बदललं. 'सिस्टिम्स'मध्ये 11 वाजताचं रीडिंग आलं, 'स्किल्स'मध्ये मामांची मूठ. ज्याला ओलावा हाताला कळतो त्याला पाणी कमी करायची मुभा नाही, हे दोन्हींच्या मधलं वाक्य सीनियरच्या फाईलमध्ये मिळणं शक्यच नव्हतं. आधी ते घरी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत नेलं. तुम्हीही असंच करा, मोडकं इंग्रजी गाईड दुरुस्त करून देतात.

व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी प्रोफाईलची पानं उघडलीसुद्धा नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "8 वाजता रीडिंग घेणार कोण?" मी म्हणालो, "मिक्सरवालेच. यंत्र त्यांच्याजवळ ठेवायचं, क्वालिटीवाल्यानं 11 ला येऊन फक्त तपासायचं."