अंगठा सुजलाय, पण युरिक ॲसिड ‘नॉर्मल’: गाऊटचा झटका कसा ओळखावा

समजा, 48 वर्षांचे एक गृहस्थ आहेत. रात्री पाय ठीक होता, पहाटे मात्र उजव्या अंगठ्याच्या बुडाशी असा ठणका लागला की पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना. दुसऱ्या दिवशी युरिक ॲसिड 5.8 आलं आणि एक्स-रेत हाडं ठीक दिसली. ‘म्हणजे गाऊट नाही, पाय मुरगळला असेल’ असा निष्कर्ष निघाला. गाऊट म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा दाह. हा निष्कर्ष चुकीचा का, हे पायरीपायरीने पाहू.

1. आधी फोटो काढा

दुखायला लागल्यावर पहिल्याच दिवशी, दिवसाच्या उजेडात, दोन्ही पावलं शेजारी ठेवून वरून आणि आतल्या बाजूने फोटो घ्या. दुखणं कधी सुरू झालं ती वेळही लिहून ठेवा. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत सूज कमी झाली असेल, तर हाच पुरावा उरतो.

फोटोत सूज नेमकी कुठे आहे ते बघा. गाऊटची सूज बहुधा अंगठा पावलाला जिथे जोडतो त्या सांध्यावर असते, कातडी ताणलेली आणि चकचकीत दिसते. गोऱ्या पायावर ती लालभडक असते. सावळ्या पायावर लाली जांभळट किंवा काळपट दिसते आणि सहज नजरेतून सुटते. सूज नखाच्या कडेला असेल तर नखुरडं असण्याची शक्यता जास्त. गाऊटचं दुखणं साधारण 24 तासांत कळसाला पोचतं आणि औषध न घेताही बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतर तिथली कातडी सोलवटते.

ताप, थंडी वाजणे किंवा पायाला जखम असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी फोटो असाच दिसतो, आणि गाऊट व संसर्ग एकाच वेळी असू शकतात.

2. एक्स-रेकडून योग्य तेवढीच अपेक्षा ठेवा

पहिल्या झटक्यात एक्स-रेवर बहुतेक वेळा फक्त सांध्याभोवतीची सूज दिसते. हाड मोडलेलं नाही, एवढं त्यातून कळतं. गाऊटच्या खुणा उमटायला सहसा अनेक वर्षं लागतात: सांध्याच्या जवळ हाडात कोरल्यासारखा खळगा, त्याची कड ठळक पांढरी, आणि त्यावर छज्जासारखा पुढे आलेला हाडाचा काठ. सांध्यातली फट मात्र बराच काळ शाबूत राहते. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ या शब्दांनी नवा गाऊट रद्द होत नाही.

3. युरिक ॲसिड योग्य वेळी तपासा

इथेच सर्वांत जास्त फसगत होते. रक्तात साधारण 6.8 मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर युरिक ॲसिड विरघळलेलं राहू शकत नाही आणि सांध्यात सुईसारखे स्फटिक साचू लागतात. हे साचणं वर्षानुवर्षं चालतं. झटका म्हणजे त्या आधीच साचलेल्या स्फटिकांवर शरीराने केलेला हल्ला. या दाहाच्या काळात मूत्रपिंडं नेहमीपेक्षा जास्त युरिक ॲसिड बाहेर टाकतात, त्यामुळे बऱ्याच रुग्णांत रक्तातला आकडा तेवढ्यापुरता खाली येतो. स्फटिक मात्र सांध्यातच असतात.

म्हणून झटका सुरू झाल्यापासून 4 आठवडे उलटल्यावर तपासणी पुन्हा करा. वरच्या उदाहरणात तेव्हा आकडा 8.7 येतो आणि चित्र जुळतं.

उलटी चूकही तितकीच होते. युरिक ॲसिड 8 असलेल्या माणसाचा गुडघा दुखला म्हणजे तो गाऊटच असं नाही. वाढलेलं युरिक ॲसिड असलेल्या बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही. दुखणं नसताना नुसता आकडा पाहून गोळ्या सुरू करू नयेत.

4. शंका उरली तर सांध्यातलं पाणी तपासून घ्या

सुईने काढलेल्या थेंबभर पाण्यात ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसले, की निदान पक्कं. संसर्गाची शंका असेल तर त्याच पाण्याचा कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का याची तपासणीही करतात.

5. झटक्यात काय करावं

पाय उंच ठेवा आणि कापडात गुंडाळलेला बर्फ 20 मिनिटं लावा. झटक्याचा दाह कमी करणारं कोल्चिसिन पहिल्या काही तासांत घेतलं तर जास्त उपयोगी पडतं: साधारण 1 मिग्रॅ, तासाभराने 0.5 मिग्रॅ. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर हेच औषध घातक ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. दुखणं वाढलं म्हणून गोळ्याही वाढवू नका.

युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल आधीपासून चालू असेल तर झटका आला म्हणून ते बंद करू नका. नव्याने सुरू करताना डोस कमी, 100 मिग्रॅ किंवा त्याहून कमी असतो आणि हळूहळू वाढवतात. सुरुवातीच्या महिन्यांत जुने स्फटिक विरघळू लागतात आणि त्यामुळेच नवे झटके येऊ शकतात, म्हणून सोबत 3 ते 6 महिने कमी डोसचं कोल्चिसिन देतात. या टप्प्यावर मात्र युरिक ॲसिडचा आकडा खरोखर कामाचा आहे: तो 6 च्या खाली आणून तिथेच ठेवायचा.