पट्टी आखण्याआधी: अर्धवर्तुळाच्या सेंट्रॉइडची तयारी

इंटिग्रेशनने सेंट्रॉइड काढायचा म्हटलं की हात आधी ∫ या चिन्हाकडे जातो. तो आवरा. या गणितात चुका होतात त्या बहुतेक इंटिग्रेशनच्या आधीच, आकृतीवर पट्टी आखताना. म्हणून तयारीतली पहिली वस्तू म्हणजे पेन्सिल आणि निदान अर्धं पान व्यापेल एवढी मोठी आकृती. पट्टीवर तीन गोष्टी लिहायच्या असतात आणि नाण्याएवढ्या अर्धवर्तुळात त्या मावत नाहीत.

आकृतीबरोबरच अक्ष ठरवून टाका. अर्धवर्तुळाचा व्यास x-अक्षावर ठेवा आणि वर्तुळाचं केंद्र आरंभबिंदूवर. असं केलं की आकृती y-अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखी पडते, म्हणून x̄ = 0 हे लिहून त्या बाजूने मोकळं होता येतं. त्यासाठी इंटिग्रेशन करत बसू नका. त्रिकोणाचा पाया x-अक्षावर ठेवा, पण तिथे ही सवलत फक्त समद्विभुज त्रिकोणालाच मिळते आणि तीही शिरोबिंदू y-अक्षावर आला तरच. विषमभुज त्रिकोणाचा x̄ वेगळा काढावा लागतो.

आता पट्टी. ती आखल्यावर तिची जाडी, तिची लांबी आणि तिचा स्वतःचा मध्य कुठे आहे, या तीन गोष्टी तिच्या शेजारी लिहा. जाडी dy असेल तर लांबी y मध्ये लिहायची, जाडी dx असेल तर x मध्ये. पहिल्या दोन गोष्टी सगळेच लिहितात. तिसरी राहते आणि सगळं गणित तिच्यावरच उभं असतं. कारण आपण करतो ते इतकंच: प्रत्येक पट्टीचं क्षेत्रफळ dA घ्यायचं, त्याला त्या पट्टीच्या स्वतःच्या मध्याच्या उंचीने गुणायचं, सगळ्या पट्ट्यांची बेरीज करायची आणि तिला एकूण क्षेत्रफळाने भागायचं. पट्टीच्या मध्याची उंची ỹ म्हणू. मग सूत्र असं होतं:

ȳ = ∫ ỹ dA / ∫ dA

यातला ỹ म्हणजे वक्राच्या समीकरणातला y नव्हे, म्हणून त्याच्या डोक्यावर ती नागमोडी खूण न विसरता काढा. ती शोभेची नाही.

पट्टी आडवी घ्यावी की उभी, हा पुढचा निर्णय. आडव्या पट्टीची जाडी dy असते आणि तिच्यावरचे सगळे बिंदू एकाच उंचीवर असतात. त्यामुळे ȳ काढताना ỹ म्हणजे सरळ y. उभ्या पट्टीची जाडी dx. तिचा तळ व्यासावर असतो, माथा कंसावर, आणि मध्य या दोघांच्या निम्म्यावर. म्हणजे ỹ = y/2. इथला निम्मा गळला की उत्तर दुप्पट येतं.

एक शंका मनात येऊन जाते: पट्टीचं टोक तर तिरपं किंवा वक्र असतं, मग तिला आयत कसं म्हणायचं? टोकाशी जो बारीक त्रिकोण उरतो त्याची रुंदी dx आणि उंचीही dx च्याच पटीत, म्हणून त्याचं क्षेत्रफळ dx च्या वर्गाच्या घरात जातं. पट्टी निम्मी बारीक केली की पट्ट्या दुप्पट होतात, पण प्रत्येक टोकाचा तुकडा एक चतुर्थांश होतो. एकूण चूक निम्मी होते आणि पट्ट्या बारीक करत गेलं की नाहीशी होते. अर्धवर्तुळाच्या व्यासाच्या टोकांशी कंस उभा चढतो, तिथे हा हिशेब इतका सरळ लागत नाही, पण निष्कर्ष तोच राहतो.

हात बसवायला त्रिकोण आधी करा. पाया b, उंची h, आडवी पट्टी पायापासून y उंचीवर. पट्टीची लांबी समरूप त्रिकोणांवरून काढायची आणि इथेच सापळा आहे. समरूप असतो तो पट्टीच्या वरचा छोटा त्रिकोण, त्याची उंची h − y. म्हणून लांबी b(1 − y/h). घाईत by/h लिहिलं जातं, ती लांबी शिरोबिंदूपासून मोजलेल्या अंतरासाठीची आहे. पडताळा सोपा आहे: y = 0 घातल्यावर लांबी b यायला हवी आणि y = h घातल्यावर शून्य. by/h मध्ये नेमकं उलटं येतं, म्हणजे त्रिकोण डोक्यावर उभा झाला. मग उत्तर 2h/3 येतं. योग्य लांबी घेतली की ∫ y·b(1 − y/h) dy = bh²/6, त्याला bh/2 ने भागून ȳ = h/3. याच पट्ट्यांचे मध्य जोडले तर सरळ रेषा मिळते, ती त्रिकोणाची मध्यगा. सेंट्रॉइड मध्यगेवर का असतो, हे शाळेत पाठ केलेलं इथे डोळ्यांना दिसतं.

अर्धवर्तुळासाठी त्रिज्या ६ सेंमी घेऊ, म्हणजे आकडे बोलतील. क्षेत्रफळ 18π, म्हणजे सुमारे ५६.५५ चौरस सेंमी. हे इंटिग्रेशनने काढायची गरज नाही, ठाऊक आहे ते वापरावं.

आडवी पट्टी y उंचीवर घेतली तर ती कंसाच्या डाव्या बाजूपासून उजव्या बाजूपर्यंत जाते. लांबी 2√(36 − y²). यातला 2 विसरला की आपण उजव्या पाव वर्तुळावरच गणित करत असतो, हे ध्यानात राहू द्या. मोमेंट, म्हणजे सूत्रातला वरचा ∫ ỹ dA, असा:

∫ y · 2√(36 − y²) dy, y = 0 ते 6

इथे u = 36 − y² ही अदलाबदल करा, मग 2y dy = −du. मर्यादाही बदला: y = 0 असताना u = 36, y = 6 असताना u = 0. मर्यादा उलट्या झाल्या आणि उणे चिन्ह आलं, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं ते ० ते ३६ पर्यंत √u चं इंटिग्रेशन, म्हणजे (2/3)·216 = 144. जुन्या मर्यादा तशाच ठेवून u मध्ये घातल्या तर वाट्टेल ते येतं. मला विचाराल तर अदलाबदल केली त्याच ओळीत नव्या मर्यादा लिहाव्यात, पुढच्या ओळीसाठी ठेवू नयेत.

आता तेच उभ्या पट्टीने. लांबी √(36 − x²), मध्य तिच्या निम्म्यावर, मर्यादा −6 ते 6. ỹ आणि लांबी यांचा गुणाकार केला की वर्गमूळ स्वतःहून जातं:

∫ ½(36 − x²) dx = ½(432 − 144) = 144

अदलाबदल नाही, वर्गमूळ नाही. एवढ्यासाठी मी अर्धवर्तुळाला उभी पट्टीच पसंत करतो, निम्म्याचा धोका पत्करूनही. दोन्ही वाटांनी १४४ आलं, ते 18π ने भागलं की ȳ = 8/π, म्हणजे सुमारे २.५५ सेंमी. त्रिज्या R ठेवली तर 4R/(3π), साधारण 0.424R.

उत्तर लिहून पेन खाली ठेवण्याआधी एक खडबडीत पडताळा करा. २ सेंमी जाडीच्या फक्त तीन आडव्या पट्ट्या घ्या, त्यांचे मध्य १, ३ आणि ५ सेंमी उंचीवर. लांब्या ११.८३, १०.३९ आणि ६.६३ सेंमी येतात. क्षेत्रफळांची बेरीज ५७.७, मोमेंटची १५२.३, भागाकार २.६४. तीनच पट्ट्यांनी आपण खऱ्या उत्तराच्या एक मिलिमीटर जवळ पोचलो. २.५५ आणि २.६४ यांत फरक आहे तो पट्ट्या जाड असल्याचा, पण आलेलं उत्तर जर ५ किंवा १ च्या आसपास असतं तर तिथेच कळलं असतं.

चुकीचे आकडेही ओळखीचे करून ठेवा, कारण ते आपली कूळकथा सांगतात. ५.०९ आलं तर उभ्या पट्टीचा निम्मा राहिला. ६ सेंमी उंचीच्या आकृतीत, जिचा तळ रुंद आणि माथा निमुळता आहे, सेंट्रॉइड पाचच्या वर असूच शकत नाही. तो निम्म्या उंचीच्या, म्हणजे ३ च्या, खालीच हवा. १.२७ आलं तर एकतर आडव्या पट्टीतला 2 गेला, किंवा उभ्या पट्टीच्या मर्यादा ० ते ६ घेऊन भागलं मात्र पूर्ण अर्धवर्तुळाच्या क्षेत्रफळाने, किंवा भागताना पूर्ण वर्तुळाचं क्षेत्रफळ घेतलं. ० ते ६ घेणं चूक नाही, पण मग वरचं आणि खालचं दोन्ही पाव वर्तुळाचंच असायला हवं. आणि ३.८२ आलं तर ते 2R/π आहे, म्हणजे अर्धवर्तुळाकार तारेचा सेंट्रॉइड. तारेचं सगळं वस्तुमान कंसावर असतं, म्हणून तिचा बिंदू वर सरकतो. प्रश्नात पत्रा आहे की तार, हे वाचल्याशिवाय सूत्र आठवू नका.

सेंट्रॉइडमधून जाणारी आडवी रेषा क्षेत्रफळाचे दोन समान भाग करते, हा समजही सोडून द्या. त्रिकोणात h/3 वरच्या रेषेखाली ५/९ क्षेत्रफळ असतं आणि वर ४/९. वरचा भाग कमी असतो, पण त्याचं टोक लांब असतं, म्हणून तोल सांभाळला जातो. त्यामुळे क्षेत्रफळ निम्मं करणारी रेषा शोधून ȳ तपासायला जाऊ नका, दोन्ही जुळणार नाहीत.

वेळ उरला तर तिसरी वाट करून पाहा, ती मला सगळ्यांत आवडते. अर्धवर्तुळ केंद्रातून निघणाऱ्या बारीक पाकळ्यांत कापा. प्रत्येक पाकळी म्हणजे जवळजवळ त्रिकोण, टोक केंद्राशी आणि पाया कंसावर. त्रिकोणाचा h/3 इथे कामाला येतो, फक्त पाया आता बाहेर आहे, म्हणून पाकळीचा मध्य केंद्रापासून 2R/3 वर, म्हणजे ४ सेंमीवर. पाकळीचा x-अक्षाशी कोन θ आणि तिच्या टोकाचा कोन dθ असेल तर तिच्या मध्याची उंची 4 sin θ आणि क्षेत्रफळ ½·36·dθ, म्हणजे 18 dθ. गुणाकार 72 sin θ dθ. ० ते π पर्यंत sin θ चं इंटिग्रेशन 2, म्हणून पुन्हा १४४.