उद्या लांबचा ड्राइव्ह आहे? मग स्पीड कॅमेरा अलर्टची ही तयारी आज रात्रीच उरका

लांब निघायचं म्हटलं की टायरची हवा, चार्जर, पाण्याच्या बाटल्या सगळं आठवणीने बघतो आपण, पण ज्या नकाशाच्या अ‍ॅपच्या जिवावर दिवसभर गाडी चालवायची त्याच्या सेटिंग्जमध्ये कोणी डोकावत नाही, आणि मग हायवेवर गाडी पळत असताना एका हाताने स्क्रीनवर टिचक्या मारत बसतो. म्हणून हे सगळं आदल्या रात्री, निवांत बसून करायचं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. अ‍ॅपला कॅमेरा दिसत नाही. फोन काही रडार वगैरे शोधत नसतो. त्याच्याकडे कॅमेऱ्यांच्या जागांची एक यादी असते, जीपीएसवरून तुम्ही कुठे आहात आणि कुठल्या दिशेने चाललाय ते त्याला कळतं, आणि या दोन्हींचं जुळलं की तो बोलतो, बस इतकंच. म्हणजे अलर्ट आला तर त्या जागी कॅमेरा असल्याची कधीतरी नोंद झालीय, आणि अलर्ट नाही आला तर नोंद नाहीये. कॅमेरा नाहीये असं नव्हे! हा फरक ज्याला कळला तो अर्धी तयारी करून बसला म्हणायचं.

आता फोन हातात घ्या. पहिलं लोकेशनची परवानगी बघा, प्रिसाइज लोकेशन चालू हवं. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीकडे नुसतं अंदाजे लोकेशन द्यायची सोय आहे, प्रायव्हसीसाठी कधीतरी ते करून ठेवलेलं असतं आणि नंतर आपण विसरून जातो. मग आवाज. गूगल मॅप्स आणि वेझ दोन्हीत तीन पर्याय असतात, सगळं बोल, फक्त अलर्ट दे, किंवा गप्प बस. ओळखीच्या रस्त्यावर "डावीकडे वळा" ऐकून वैताग येतो म्हणून आपण सरळ म्यूट करतो आणि त्याबरोबर कॅमेऱ्याचा अलर्टही जातो. तिथे म्यूट नको, मधला फक्त अलर्टवाला पर्याय ठेवा. वेझमध्ये अजून एक गंमत आहे, कॅमेरा, पोलीस, रस्त्यातला धोका अशा प्रत्येक प्रकाराला दोन वेगळे स्विच आहेत, एक नकाशावर दाखवायचा आणि एक गाडी चालवताना सांगायचा. चित्र दिसतंय म्हणजे आवाजही येईल असं धरून चालू नका, दोन्ही बघा. व्हर्जन बदललं की मेनूतली जागा हलते, तेव्हा सेटिंग्जमध्ये जाऊन अलर्ट किंवा रिपोर्ट शब्द असलेला भाग शोधायचा.

ब्लूटूथवाल्यांनी एक करा, गाडीत बसून गाणं लावा आणि मग अ‍ॅपचा टेस्ट आवाज वाजवून बघा. कित्येक गाड्यांत गाण्यावरून अलर्टवर जाताना पहिला शब्दच गिळला जातो, आणि गाडीचा रेडिओ लावलेला असेल तर फोनचा आवाज येतच नाही कारण स्पीकर रेडिओकडे गेलेला असतो. त्यासाठी ब्लूटूथ कॉलसारखा आवाज वाजवायचं सेटिंग काही अ‍ॅप्समध्ये असतं, ते चालू करून बघा. नाहीच जमलं तर आवाज सरळ फोनच्या स्पीकरवर ठेवा.

आता स्पीडोमीटर, इथे लोक हमखास गल्लत करतात. अ‍ॅपमधला स्पीड आणि गाडीच्या काट्याचा स्पीड जुळत नाही, अ‍ॅपचा नेहमी थोडा कमी दिसतो, मग लोक म्हणतात अ‍ॅप चुकतंय. उलट आहे. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ ज्या गाड्यांना लागू आहे तिथे काट्याने खऱ्यापेक्षा कमी स्पीड दाखवायची मुभाच नाही, जास्त मात्र दाखवू शकतो, खऱ्या स्पीडच्या १० टक्के अधिक ४ किमी इतका. म्हणजे गाडी खरी ८० ने चाललीय तर काटा ९२ पर्यंत दाखवला तरी नियमात बसतं. मोकळ्या आकाशाखाली एका लयीत चाललेल्या गाडीत खऱ्याच्या जवळचा आकडा जीपीएसचाच असतो. मग गडबड कुठे होते? वेझसारख्या अ‍ॅपमध्ये लिमिटच्या इतके किमी वर गेल्यावर सांग असं सेट करता येतं, आणि "काटा तसाही जास्त दाखवतो, चालतंय" म्हणून लोक तिथे १० टाकून ठेवतात. अरे पण काट्यात जी सूट होती ती अ‍ॅपमध्ये नाहीये ना! ८० च्या रस्त्यावर ते अ‍ॅप तुम्ही खऱ्या ९० वर गेल्यावर ओरडणार आणि कॅमेराही खरा स्पीडच मोजतो. म्हणून माझं ठाम मत, तिथे शून्य ठेवा, लिमिट ओलांडलं की लगेच वाजू दे, जरा कटकट होते पण सवय होते. फक्त जोरात ब्रेक किंवा अ‍ॅक्सिलरेटर मारल्यावर अ‍ॅपचा आकडा क्षणभर मागे राहतो, आणि बोगद्यात तर सॅटेलाइटच दिसत नाही, तिथे काट्यावरच विश्वास ठेवायचा.

आणि हो, अ‍ॅपमध्ये दिसणारं स्पीड लिमिट हीसुद्धा नोंदच आहे. रस्त्याचं काम चालू असेल आणि तात्पुरता ४० चा बोर्ड लावलाय, किंवा गर्दीप्रमाणे बदलणारं डिजिटल लिमिट आहे, तर अ‍ॅपमध्ये जुनाच आकडा दिसू शकतो. खांबावरचा बोर्ड खरा, स्क्रीन नाही.

एकावर एक किंवा शेजारी-शेजारी रस्ते असले की काय होतं तेही आधीच माहीत असू द्या. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचं लोकेशन पाचेक मीटर इकडेतिकडे असतं, उंच बिल्डिंगांमध्ये त्याहून जास्त. फ्लायओव्हर आणि खालचा सर्व्हिस रोड वरून बघितले तर जवळपास एकाच जागी, मग अ‍ॅप तुम्हाला कुठल्या रस्त्यावर चिकटवेल सांगता येत नाही. माझ्यासोबत झालंय हे, मी फ्लायओव्हरवर आणि अ‍ॅप खालच्या रोडचं ५० चं लिमिट धरून टँटँ वाजवतंय, मी घाबरून ब्रेक दाबला आणि मागचा ट्रक इतका जवळ आला की आरशात फक्त त्याची जाळी दिसत होती. तेव्हापासून नियम केलाय की अलर्टवर कधीच कचकन ब्रेक मारायचा नाही, आधी आरसा, मग बोर्ड, मग पाय. असा प्रकार झाला की कसं ओळखायचं, तर स्क्रीनवर वर जे रस्त्याचं नाव किंवा पुढचं वळण दिसतं ते बघा, जिथे वळण नाहीच तिथे वळायला सांगतंय म्हणजे त्याने तुम्हाला दुसऱ्या रस्त्यावर टाकलंय.

रूटवर सरासरी स्पीड मोजणारा पट्टा असेल तर तो आदल्या दिवशी नकाशावर बघून ठेवा, कारण तिथे एका जागच्या अलर्टचा काही उपयोग नसतो. दोन टोकांना कॅमेरे, मधला वेळ मोजतात. समजा १० किमीचा पट्टा आहे आणि लिमिट ८०, म्हणजे कमीत कमी साडेसात मिनिटं लागायला हवीत. पहिले ६ किमी १०० ने मारले तर तिथे ३.६ मिनिटंच गेली, आता उरलेले ४ किमी ३.९ मिनिटांत, म्हणजे ६१ च्या आसपास रांगत काढावे लागतील. शेवटच्या कॅमेऱ्याआधी हळू केलं की सुटलो असं इथे चालत नाही.

लोकांनी टाकलेल्या रिपोर्टवर, म्हणजे खड्डा, बंद पडलेली गाडी, फिरता कॅमेरा वगैरे, किती भरवसा ठेवायचा? १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, कोणी ८ सेकंद उशिरा बटण दाबलं तर सव्वादोनशे मीटर पुढे गेला तो, त्यामुळे धोका खुणेच्या आधीही येऊ शकतो. शिवाय रिपोर्ट जिवंत राहतात ते मागून येणाऱ्यांच्या "अजून आहे" किंवा "नाही आता" वर. भरगच्च रस्त्यावर ते ताजे असतात, रात्री दोन वाजता रिकाम्या रस्त्यावर मात्र रिपोर्ट टाकणारंच कोणी नसतं, तिथे स्क्रीन स्वच्छ दिसली तरी त्याला अर्थ नाही. आणि ऑफलाइन नकाशा डाउनलोड केलाय म्हणून निश्चिंत राहू नका, त्याने रस्ता दिसेल पण ट्रॅफिक आणि ताजे रिपोर्ट नेटशिवाय येत नाहीत. बाकी रिपोर्ट टाकायचं काम शेजारी बसलेल्याचं.

परदेशात गाडी चालवणार असाल तर तिथला कायदा आधी बघा. फ्रान्समध्ये कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणं चालत नाही, अ‍ॅप फक्त धोक्याचा पट्टा दाखवतात, मोटरवेवर ४ किमी, गावाबाहेर २ किमी आणि गावात ३०० मीटर लांबीचा. जर्मनीत ड्रायव्हरने गाडी चालवताना असे अलर्ट वापरायलाच मनाई आहे. तिथे ते स्विच सीमा ओलांडायच्या आधीच बंद करायचे.

शेवटचं काम, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं, ओळखीच्या पक्क्या कॅमेऱ्यावरून एक चक्कर मारा. शेजारी कोणाला तरी बसवा, अलर्टचा पहिला आवाज आल्यापासून कॅमेऱ्याचा खांब मागे पडेपर्यंत त्याने सेकंद मोजायचे. समजा तुम्ही १०० ने येताय, पुढे लिमिट ६० आहे आणि अलर्ट ३०० मीटर आधी येतो. बोललेलं वाक्य पूर्ण ऐकायला ४ सेकंद, म्हणजे १११ मीटर गेले. कळून पाय ब्रेकवर यायला दीड सेकंद, अजून ४२ मीटर. मग मागच्याला त्रास न देता हळुवार ब्रेक लावत १०० वरून ६० वर यायला साडेपाच सेकंद आणि १२२ मीटर. बेरीज केली तर २७५, उरले २५ मीटर, आणि जीपीएस एखादा सेकंद मागे असेल तर तेही गेले. म्हणजे १०० ने येऊन असंच हळू होताना ११ सेकंदांपेक्षा कमी वेळ मिळत असेल तर ते अ‍ॅप तुम्हाला कॅमेरा गेल्यावरच सांगतंय असं समजा. मग दोनच गोष्टी करता येतात, वाक्य काढून छोटी टिंग ठेवायचा पर्याय असेल तर तो घ्या, त्याने तीनेक सेकंद वाचतात, आणि कॅमेऱ्याच्या अलर्टऐवजी लिमिट ओलांडल्याचा जो अलर्ट वर शून्यावर ठेवायला सांगितला त्याच्यावर चालवा, कारण तो कॅमेऱ्याची जागा बघत नाही, तुमचा स्पीड बघतो.