सर्जनना द्यायची गोळ्यांची चिठ्ठी

ठरलेल्या ऑपरेशनआधी सर्जनना लिहून देताना ‘व्हिटॅमिन चालू आहेत’ एवढ्यावर भागवू नका. डबा समोर ठेवून उतरवा: ‘लसणाच्या अर्काची कॅप्सूल, ५०० मिलिग्रॅम, रोज रात्री एक, आठ महिन्यांपासून, शेवटची काल.’ लसूण किंवा जिन्को नावाच्या झाडाच्या अर्काने रक्तस्राव वाढू शकतो. वनौषधी बहुधा दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात, म्हणून चिठ्ठी तीन आठवडे आधीच पोचवा. केसांसाठीचं बायोटिनही लिहा. त्याने थायरॉइडसारख्या रक्तचाचण्यांचे आकडे चुकू शकतात. (नेमकं हेच लिहायला लोक विसरतात, कारण ते ‘औषध’ वाटत नाही.) डॉक्टरांनी दिलेली रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, ‘कधी थांबवू?’ असं चिठ्ठीतच विचारा. एक प्रत भूलतज्ज्ञांना द्या.