उशिरा जेवून लगेच आडवे होताच छातीत जळजळ: या चुका टाळा

दिवसभर काहीच त्रास नसतो, जेवतानाही नसतो, आणि दिवा मालवून पाठ टेकवली की वीस-पंचवीस मिनिटांत छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ सुरू होते. बहुतेक जण याचा अर्थ ‘आज ॲसिड जास्त झाले’ असा लावतात आणि तिथूनच चुकांची मालिका सुरू होते. जेवणानंतर जठरात आम्ल तयार होणे ही नेहमीची आणि आवश्यक गोष्ट आहे. ज्यांना जळजळ होते त्यांच्यापैकी बहुतेकांच्या जठरात ते इतरांपेक्षा जास्त तयार होत नाही. ते आम्ल जिथे असू नये तिथे, म्हणजे अन्ननलिकेत, पोहोचते आणि तिथे रेंगाळते, ही खरी अडचण आहे. म्हणून या त्रासाचा विचार करताना आम्ल किती आहे यापेक्षा ते कुठे आहे आणि किती वेळ तिथे राहते, हे पाहावे लागते.

आडवे होताच नेमके काय बदलते

अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथे वर्तुळाकार स्नायूंची एक झडप असते. घास गिळताना ती उघडते आणि एरवी मिटलेली राहते. मात्र पोट भरून जठराचा वरचा भाग ताणला गेला की ही झडप अधूनमधून काही सेकंदांसाठी आपोआप सैल पडते, आणि त्यातूनच ढेकर येतो. म्हणजे भरपेट जेवणानंतर झडप उघडणे हा बिघाड नव्हे, ती शरीराची हवा बाहेर टाकण्याची सोय आहे. बसलेल्या किंवा उभ्या माणसात त्या क्षणी प्रामुख्याने हवा वर येते, कारण अन्न आणि द्रव जठराच्या तळाशी असतात. आडव्या माणसात झडपेच्या तोंडाशी हवेऐवजी द्रव येऊन थांबलेला असतो. झडप तेवढीच उघडते, पण बाहेर पडते ते आम्ल.

यात आणखी एक बारकावा आहे. अन्न स्वतः आम्लाची तीव्रता कमी करते, त्यामुळे जेवणानंतर जठरातील आम्ल सौम्य झालेले असावे असे वाटते आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे. परंतु नव्याने पाझरलेले काही आम्ल अन्नात न मिसळता त्याच्यावर तरंगत, झडपेच्या अगदी खाली साठते. जठराच्या इतर भागातले मिश्रण सौम्य असतानाही हा थर तीव्रच असतो. झडप उघडल्यावर सर्वांत आधी वर येतो तो हाच थर, आणि त्यामुळे भरल्या पोटीही जळजळ इतकी झोंबते.

वर आलेले आम्ल परत खाली नेण्याची व्यवस्था दोन टप्प्यांची आहे. अन्ननलिकेचे आकुंचन द्रवाचा बराचसा भाग खाली ढकलते आणि नंतर गिळलेली लाळ उरलेल्या पातळ थराची तीव्रता मोडते. जागेपणी आपण नकळत सतत लाळ गिळत असतो. झोपेत लाळ जवळपास थांबते, गिळणेही क्वचितच होते, आणि आडवेपणामुळे गुरुत्वाकर्षणाचा आधारही गेलेला असतो. दुपारी काही क्षणांत धुऊन जाणारे आम्ल रात्री कितीतरी जास्त वेळ आतल्या अस्तराला चिकटून राहते.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक: तास चुकीच्या जागेपासून मोजणे

जेवण आणि झोप यांत सुमारे तीन तासांचे अंतर ठेवावे, हा सल्ला अनेकांनी ऐकलेला असतो. त्यामागचे कारण साधे आहे. घन जेवणाचा निम्मा भाग जठरातून पुढे सरकायला साधारण दोन तास लागतात आणि पोट जवळजवळ रिकामे व्हायला चार. जेवण तेलकट-तुपकट असेल तर त्याहूनही अधिक. तीन तासांनी जठराचा ताण बराच उतरलेला असतो, झडप वारंवार उघडण्याचे कारण कमी झालेले असते, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे.

चूक होते ती मोजणीत. तास जेवायला बसल्यापासून नव्हे, तर शेवटच्या घासापासून मोजायचे असतात, आणि साडेदहाला तोंडात टाकलेला गोडाचा तुकडा हाच मग शेवटचा घास ठरतो. दुसरी फसगत सोफ्यावर होते. जेवल्यावर अर्धवट रेलून, पोटाशी वाकून दोन तास पडद्यासमोर घालवले तर ते ‘बसणे’ म्हणून मोजता येत नाही, कारण त्या स्थितीत पोटावर दाब येतो. कमरेचा पट्टा घट्ट असेल तर तो दाब आणखी वाढतो. ताठ बसणे किंवा सावकाश शतपावली घालणे, हे मात्र मोजणीत धरावे.

उशांची चूक

जळजळ झाली की डोक्याखाली आणखी दोन उशा घेणे हा सहज सुचणारा उपाय आहे, आणि तो अनेकदा उलटा पडतो. उशांनी फक्त डोके आणि मान वर जाते, शरीर कमरेशी दुमडते आणि पोटावरचा दाब वाढतो. खरी गरज अन्ननलिका संपूर्णपणे जठरापेक्षा उंच राहण्याची असते. त्यासाठी पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली 15 ते 20 सेंटीमीटर उंचीचे भक्कम ठोकळे द्यावेत किंवा कमरेपासून डोक्याकडे उंच होत जाणारी पाचरीच्या आकाराची गादी वापरावी. पहिल्या दोन-तीन रात्री आपण खाली घसरतो आहोत असे वाटते. तेवढ्यावरून हा उपाय सोडू नये, मात्र ठोकळे सरकणार नाहीत याची खात्री आधी करून घ्यावी.

कूस निवडण्याची चूक

उजव्या कुशीवर झोपल्याने पोट लवकर रिकामे होते, असे सांगून काही जण तीच कूस सुचवतात. पोट रिकामे होण्यापुरते ते बरोबरही आहे. पण उजव्या कुशीवर जठरातील द्रव झडपेच्या वरच्या पातळीला येतो, आणि झडप उघडली की तो थेट अन्ननलिकेत उतरतो. डाव्या कुशीवर जठराचा फुगीर भाग खाली राहतो, झडप द्रवाच्या पातळीच्या वर येते, आणि वर आलेले आम्लही लवकर परतते. वामकुक्षी या शब्दातच डावी कूस आहे, हे इथे सहज आठवावे. मात्र डावी कूस म्हणजे जेवणानंतर लगेच आडवे होण्याचा परवाना नव्हे. झोपेत कूस बदलतेच, म्हणून हा उपाय पूरक मानावा, एकट्याने पुरेसा नाही.

दूध, सोडा आणि गोळीची वेळ

थंड दुधाने काही मिनिटे बरे वाटते, कारण ते आम्ल सौम्य करते. पण दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम पुढच्या आम्लनिर्मितीला चालना देतात, शिवाय आधीच ताणलेल्या जठरात आणखी भर पडते. खाण्याचा सोडा याहून वाईट. त्यातून तयार होणारा वायू जठर फुगवतो, ढेकर आणतो आणि त्या ढेकराबरोबर पुन्हा आम्ल येते. पेपरमिंटच्या गोळीने गार वाटते, पण पुदिन्याचे तेल झडप सैल करते.

गोळ्यांच्या बाबतीत सर्वाधिक चूक वेळेची आहे. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गटाची औषधे जळजळ सुरू झाल्यावर किंवा निजताना घेतली जातात, आणि मग ‘मला हे लागूच पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो. ही औषधे जठरातील आम्ल सोडणारे पंप बंद करतात, परंतु जे पंप कामाला लागलेले असतात तेच. पंप कामाला लागतात जेवणामुळे. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी पोटात गेलेली असावी लागते, आणि पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. तत्काळ आराम हवा असेल तर ते काम आम्ल निष्क्रिय करणाऱ्या साध्या अँटासिडचे आहे. रोजची गोळी सकाळऐवजी रात्रीच्या जेवणाआधी घ्यावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे, कारण त्रास फक्त रात्रीचा असेल तर हा बदल उपयोगी ठरू शकतो.

एक रात्र उलगडून

समजा, एका गृहस्थांचे काम रात्री नऊला संपते. दहाला ते भरपेट जेवतात, शेवटचा घास 10:20 ला, 10:40 ला पलंगावर, आणि 11:15 ला जळजळ. ते उठून पेलाभर पाणी पितात, पाच मिनिटे बरे वाटते. मग ते दूध पितात, दोन उशा वाढवतात, नेहमीच्या उजव्या कुशीवर वळतात आणि पॅन्टोप्राझोलची गोळी घेतात. एकच्या सुमारास आंबट पाणी घशाशी येऊन जाग येते.

पाण्याने बरे वाटले ते साहजिक होते. एका गिळण्याने अन्ननलिका धुतली गेली. बाकीचे सगळे मात्र त्रास वाढवणारे होते, आणि गोळी जेवणानंतर तासाभराने पोटात गेली. या गृहस्थांना ‘सातला जेवा’ असे सांगणे व्यर्थ आहे. त्यांना करता येण्याजोगे हे, की मुख्य जेवण कामाच्या मधल्या सुट्टीत साडेसहाच्या आसपास उरकावे, घरी आल्यावर साडेनऊला त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच आणि कमी तेलाचे खावे, आणि पाठ बाराच्या आधी टेकवू नये. अंतर अडीच तासांचेच झाले, पण जठर ताणलेले नसल्यामुळे या अडीच तासांचे मोल भरल्या पोटाच्या तीन तासांहून कमी नाही. एवढा एकच बदल आठवडाभर पाळून पाहावा. त्रास उरला तर दुसऱ्या आठवड्यात पलंग उंच करावा. सगळे एकदम बदलले तर नेमके काय उपयोगी पडले ते कळत नाही आणि काही दिवसांनी चुकीचीच गोष्ट सोडली जाते.

जेवणाची वेळ बदलूनही जळजळ राहिली तर

चार तासांनी, जवळजवळ रिकाम्या पोटी झोपूनही रोज जळजळ होत असेल, किंवा दिवसा नुसते खाली वाकल्यावर आंबट पाणी येत असेल, तर कारण जेवणाच्या वेळेत नाही. जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलेला असणे, झडप कायमची सैल असणे, किंवा रक्तदाबासाठी घेतली जाणारी काही औषधे, उदाहरणार्थ निफेडिपिन, यांचा विचार डॉक्टरांना करावा लागतो. औषध मात्र परस्पर बंद करू नये. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी जेमतेम घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवे झाले तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. ते दुखणे गिळताना टोचते, त्यामुळे वेगळे ओळखू येते.

घास अडकणे, नकळत वजन उतरणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच, यांपैकी काहीही असेल तर घरगुती प्रयोग थांबवून तपासणी करून घ्यावी. आणि छातीतले दुखणे जळजळीपेक्षा दडपणासारखे असेल, हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, घाम किंवा धाप यांच्यासह येत असेल, तर ते जेवणानंतर आले म्हणून ॲसिडिटी समजू नये. अँटासिडने उतरते का याची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.