सोसायटीचा वार्षिक अहवाल: ताळेबंदातील निधी आणि बँकेतील ठेवी यांचा मेळ कसा दाखवावा

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यायची असते आणि त्या १४ दिवसांत सूचना दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरले जात नाहीत. म्हणजे सभा २१ सप्टेंबरला असेल, तर छापलेला अहवाल ६ सप्टेंबरपर्यंत सभासदांच्या हाती पोहोचला पाहिजे. म्हणून ऑगस्टमध्ये घाईने लिहायला बसण्यापेक्षा एप्रिलमध्येच कागद जमवायला लागावे.

सुरुवात बँकेपासून करावी. संस्थेच्या प्रत्येक खात्याचा आणि प्रत्येक मुदत ठेवीचा ३१ मार्च रोजीचा शिल्लक दाखला बँकेकडून लेखी घ्यावा. ठेवीच्या जुन्या पावत्यांवर विसंबू नये, कारण ठेव आपोआप नूतनीकृत झाली असेल तर पावतीवरची रक्कम आणि मुदत दोन्ही शिळ्या झालेल्या असतात. दाखला आणि खातेवही यांत फरक आढळला, तर न वटलेले धनादेश, बँकेने परस्पर कापलेले शुल्क आणि नोंदवायचे राहिलेले व्याज ही तीन ठिकाणे आधी पाहावीत. हा ताळमेळ जमल्याशिवाय हिशेब लेखापरीक्षकाकडे पाठवू नयेत.

यानंतर येतो अहवालाचा सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि बहुतेक अहवाल नेमके येथेच गप्प बसतात. ताळेबंदाच्या देणे बाजूला सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवायचा निधी, आणि दुरुस्ती व देखभाल निधी दिसतात. आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंडासाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधीसाठी किमान ०.७५ टक्के वर्गणी दरवर्षी घेतली जाते. या खर्चात जमिनीची किंमत धरत नाहीत. देणे बाजूचा आकडा इतकेच सांगतो की सभासदांकडून या कारणासाठी आजवर किती रकमेची आकारणी झाली आणि त्यावर किती व्याज जमा धरले. तेवढे पैसे आज बँकेत आहेत की नाहीत, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी समोरच्या मालमत्ता बाजूला त्या निधीच्या नावाने किती गुंतवणूक आहे, हे पाहावे लागते.

एक कल्पित उदाहरण सविस्तर पाहू. ४० सदनिकांची, वीस वर्षे जुनी इमारत आहे आणि प्रत्येक सदनिकेचा मूळ बांधकाम खर्च ८ लाख रुपये, म्हणजे एकूण ३ कोटी २० लाख रुपये आहे. त्यावर सिंकिंग फंडाची वार्षिक वर्गणी ८०,००० आणि दुरुस्ती निधीची २,४०,००० रुपये होते. ताळेबंदात सिंकिंग फंड व्याजासह १९,००,००० रुपये दिसतो, परंतु त्याच्या मुदत ठेवी फक्त १३,५०,००० रुपयांच्या आहेत. उरलेल्या ५,५०,००० रुपयांचा माग काढल्यावर असे दिसते की ४,१०,००० रुपये सभासदांच्या थकबाकीत अडकले आहेत, म्हणजे वर्गणी बिलात आकारली गेली पण वसूल झाली नाही. आणि १,४०,००० रुपये पूर्वी कधीतरी दैनंदिन खर्चासाठी वापरले गेले आणि परत भरले गेले नाहीत. अहवालात ‘सिंकिंग फंडात १९ लाख रुपये शिल्लक आहेत’ एवढेच लिहिले, तर सभासद ते हातातले पैसे समजतात आणि पुढच्या कामाला वर्गणी कशासाठी, असा रास्त प्रश्न विचारतात. म्हणून निधीची रक्कम, ठेवींची रक्कम, तफावत, तिचे कारण आणि ती भरून काढण्याची मुदत या पाच गोष्टी सलग एका परिच्छेदात लिहाव्यात. हे कबूल करणे समितीला जड जाते, तरीही ते लपवू नये. लेखापरीक्षकाच्या शेऱ्यातून ते समजण्यापेक्षा समितीने स्वतः सांगितलेले सभासद अधिक समजुतीने घेतात.

थकबाकीचेही तसेच आहे. केवळ एकूण रक्कम न देता एक वर्षाच्या आतली आणि त्याहून जुनी असे दोन भाग करावेत आणि जुन्या भागाबाबत वसुलीची कोणती पावले उचलली, ते लिहावे.

दुरुस्तीचा भाग लिहिताना कामांची नुसती यादी देऊ नये. वरील संस्थेत दुरुस्ती निधीची सुरुवातीची शिल्लक ६,२०,००० रुपये होती, वर्षभरात २,४०,००० रुपये जमा झाले, ३,६०,००० रुपये खर्च झाले आणि अखेरीस ५,००,००० रुपये उरले. खर्चात पाण्याच्या टाकीची दुरुस्ती १,४५,०००, सांडपाण्याची वाहिनी बदलणे १,२०,००० आणि लिफ्टचे काम ९५,००० रुपये आहे. प्रत्येक कामाला मंजुरी कोणत्या सभेत मिळाली, किती दरपत्रके आली, मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च किती, हमी कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि ठेकेदाराची किती रक्कम अजून रोखून ठेवली आहे, हे लिहावे. टाकीला १,३०,००० रुपये मंजूर असताना १५,००० जास्त लागले असतील, तर गिलावा काढल्यावर आतील सळया अपेक्षेपेक्षा अधिक गंजलेल्या आढळल्या, असे कारण नोंदवावे. हमीची तारीख पुढच्या समितीला फार उपयोगी पडते. ती कोठे लिहिलेली नसली, की हमीच्या काळात गळती सुरू होऊनही दुरुस्तीचे पैसे पुन्हा संस्थाच भरते.

पुढील योजना या दोन भागांतूनच निघाली पाहिजे. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करून घ्यायचे असते. आपल्या उदाहरणात परीक्षणानंतर गच्चीचे जलरोधक काम आणि तळमजल्यावरील काही खांबांची दुरुस्ती सुचवली गेली आणि त्याचा अंदाज १६,००,००० रुपये आला. समितीने त्यापैकी ३,००,००० दुरुस्ती निधीतून, ७,००,००० सिंकिंग फंडाच्या ठेवींतून आणि ६,००,००० विशेष वर्गणीतून उभे करण्याचे ठरवले. दुरुस्ती निधीतले २,००,००० रुपये मुद्दाम मागे ठेवले आहेत, कारण मोठे काम चालू असतानाही पंप बिघडतो आणि वाहिनी फुटते. सिंकिंग फंडाला मात्र सर्वसाधारण सभेचा ठराव आणि मोठी दुरुस्ती आवश्यक असल्याचा वास्तुविशारदाचा दाखला, दोन्ही लागतात. दाखल्याची प्रत अहवालाला जोडावी.

विशेष वर्गणी सदनिकेमागे सरासरी १५,००० रुपये पडते. ती समान घ्यायची की क्षेत्रफळानुसार, हे अहवालातच स्पष्ट करावे आणि प्रत्येक सदनिकेची रक्कम जोडपत्रात द्यावी. वाद बहुधा कामावरून होत नाही, तो वाटणीवरून होतो.

शेवटी ठरावाचा मसुदा अहवालातच छापावा, म्हणजे सभेत शब्दांची ओढाताण होत नाही: ‘संरचनात्मक परीक्षण अहवालानुसार गच्ची व खांबांच्या दुरुस्तीस कमाल १६,००,००० रुपये खर्चाची मंजुरी देण्यात येत आहे, त्यासाठी दुरुस्ती निधीतून ३,००,०००, सिंकिंग फंडातून ७,००,००० आणि जोडपत्रातील वाटणीनुसार दहा मासिक हप्त्यांत ६,००,००० रुपये विशेष वर्गणी घ्यावी, खर्च या मर्यादेबाहेर जात असल्यास काम पुढे नेण्यापूर्वी समितीने पुन्हा सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्यावी.’